दहाच्या चहात उरतं किती?

चहाच्या टपरीच्या कमाईबद्दल आपल्याकडे दोनच मतं ऐकू येतात. "चहावाला आपल्यापेक्षा जास्त कमावतो हो," हे एक. "बिचाऱ्याला दहा रुपयांत काय सुटत असेल!" हे दुसरं. दोन्ही मतं मांडणारे कप हातात धरून टपरीसमोरच उभे असतात आणि हिशेब दोघांनीही केलेला नसतो. पुष्कळदा तो खुद्द मालकानेही केलेला नसतो. संध्याकाळी गल्ल्यात किती जमले हे त्याला चोख ठाऊक असतं, पण एका कपामागे किती सुटले असं विचारलं की तो हसून म्हणतो, "सुटतात तीन-चार रुपये."

हे तीन-चार रुपये खरे आहेत का, ते बघू. त्यासाठी तालुक्याच्या गावातली, तहसील कचेरीसमोरची एक टपरी धरू. टपरी कल्पनेतली आहे आणि दर मी धरलेले आहेत. तुमच्या गावचे दर घातलेत तर आकडे हलतील, रीत तीच राहील. चहा दहा रुपयांना, कागदी कपात, आणि कपात पंचाहत्तर मिलिलिटर चहा. दूध गवळ्याच्या रतिबाचं, ६० रुपये लिटर. साखर ४५ रुपये किलो. पावडर म्हणजे बारीक डस्ट, जी पाण्यात पडताच रंग सोडते, ती ३६० रुपये किलो.

सुरुवात पातेल्यापासून करायची. टपरीवर चहा कपाने होत नाही, पातेल्याने होतो. त्यामुळे एका कपाचा खर्च काढायचा तर आधी एका पातेल्याचा काढावा लागतो. आपल्या टपरीचं माप असं: दोन लिटर दूध, दीड लिटर पाणी, ३२० ग्रॅम साखर, ९० ग्रॅम पावडर आणि पाचेक रुपयांचं आलं-वेलची. दुधाचे १२० रुपये, पावडरीचे ३२ रुपये ४० पैसे, साखरेचे १४ रुपये ४० पैसे. सगळं मिळून पातेलं पडलं १७१ रुपये ८० पैशांना. यात सत्तर टक्के पैसा एकट्या दुधाचा आहे. साखर महागली म्हणून कुरकुरणारा चहावाला भेटला तर त्याचं दुःख समजून घ्यावं, पण त्याचा धंदा साखरेवर बुडणार नाही हेही लक्षात ठेवावं.

आता या पातेल्यात कप किती? साडेतीन लिटरला पंचाहत्तर मिलिलिटरने भागलं तर उत्तर येतं सेहेचाळीस. कागदावरचा हिशेब इथेच फसतो. चहा उकळताना पाव लिटरच्या वर पाणी वाफ होऊन जातं. गाळणीतला चोथा आपल्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट पाणी पिऊन बसतो, म्हणजे ९० ग्रॅम पावडरीने आणखी पाव लिटरच्या आसपास चहा खाल्ला. विरघळलेली साखर थोडं माप वाढवते, पण ओतताना सांडतं आणि पातेल्याच्या बुडाशी घोटभर राहतं. हाती येतात चाळीस कप. त्या सहा कपांनी खर्च ३ रुपये ७३ पैशांवरून ४ रुपये ३० पैशांवर नेला. दर तेच, माल तोच, फरक सत्तावन्न पैशांचा. म्हणून हा आकडा भागाकाराने काढू नये. एक अख्खं पातेलं नेहमीच्या हाताने ओतावं आणि कप मोजावेत. मालक नसताना पोऱ्या ओततो तेव्हा परत मोजावेत, कारण त्याचा हात वेगळा असतो.

हाताचा विषय निघालाच आहे तर इथेच थोडं थांबू. पंचाहत्तरऐवजी ऐंशी मिलिलिटर ओतला तर? फरक पाच मिलिलिटरचा, म्हणजे चहाचा एक चमचा. गिऱ्हाइकाला तो कळतही नाही. पण पातेल्यातून चाळीसऐवजी साडेसदतीस कप निघतात आणि दिवसाला सहा पातेली लागत असतील तर तेवढेच कप भरायला सुमारे ६९ रुपयांचा जास्त माल जातो. हा आकडा लक्षात ठेवा, मालकाच्या दिवसाच्या कमाईशेजारी तो नंतर ठेवायचा आहे. हाताचा अंदाज तपासायला औषधाच्या बाटलीचं मापाचं झाकण पुरतं. नेहमीच्या उंचीपर्यंत कपात पाणी ओतायचं आणि झाकणाने मोजून काढायचं.

गॅसचा खर्च काढायला मात्र झाकण चालत नाही. टपरीला कायद्याने निळा, एकोणीस किलोचा व्यावसायिक सिलिंडर लागतो. घरचा लाल, १४.२ किलोचा, धंद्याला वापरणं गुन्हा आहे, तरी तो स्वस्त पडतो म्हणून फळीमागे दिसतोच. निळ्याचा दर बहुधा महिन्याच्या एक तारखेला बदलतो. आपण १,८०० रुपये धरू, म्हणजे किलोला साधारण ९५.

एक पातेलं उकळायला गॅस किती लागतो याचा अंदाज शाळेतल्या विज्ञानावरून बांधता येतो. साडेतीन लिटर गार पाणी-दूध उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, तिच्या दोन तृतीयांश उष्णता फक्त त्या तीनशे मिलिलिटरची वाफ करण्यात जाते. म्हणजे चहा जास्त वेळ खदखदत ठेवला की गॅसही जातो आणि विकायचा चहाही जातो. शेगडीची निम्मी आच हवेत जाते असं धरलं तरी पातेल्याला सत्तर-पंचाहत्तर ग्रॅम गॅस पुरतो. किंमत सात रुपये, कपाला अठरा पैसे. सहा पातेल्यांना दिवसाला अर्धा किलोसुद्धा नको.

प्रत्यक्षात सिलिंडर वीस दिवसांत संपतो. म्हणजे दिवसाला जवळजवळ एक किलो, ९० रुपये. अर्धा किलो कुठे गेला? गिऱ्हाईक येईल म्हणून पातेल्याखाली मंद ठेवलेल्या आचेत, गार झालेला चहा परत परत गरम करण्यात, आणि रस्त्यावरच्या वाऱ्यात. शेगडीला तीन बाजूंनी पत्रा लावलेला असतो तो उगाच नाही. हा दुसरा अर्धा किलो कपांवर अवलंबून नसतो. गिऱ्हाइकं असोत नसोत, टपरी उघडी राहिली की तो जळतो. म्हणून गॅसचा खरा हिशेब एकाच पद्धतीने होतो. सिलिंडर जोडला त्या दिवशी त्यावर खडूने तारीख लिहायची, संपला की मधल्या दिवसांत विकलेल्या कपांनी किमतीला भागायचं.

कागदी कपाचं सोपं वाटतं: शंभरी ५० रुपयांना, एक कप अर्ध्या रुपयाला. पण चटका बसतो म्हणून कोणी एकात एक असे दोन कप मागतो, कोणी एकाच चहाची कटिंग दोघांत करायला रिकामा कप घेतो, वाऱ्याने चार उडतात. विकले जातात त्याहून पाच-दहा टक्के कप जास्त संपतात. काचेच्या ग्लासला हे लागू नाही, पण तिथे धुण्याचं पाणी, विसळणारा माणूस आणि फुटतूट आली. कागदी कपाचा एक फायदा मात्र चहावाल्यांच्या ध्यानात येत नाही. तो आपोआप मोजला जातो. सकाळी पाकिटं मोजून ठेवली आणि संध्याकाळी उरलेली मोजली की दिवसभरात किती कप गेले ते कळतं, मग गल्ला काहीही सांगो.

आता उरलेल्या मालाकडे येऊ. मालकाचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. टपरीवर संध्याकाळी तीन तऱ्हेचा माल उरतो. साखर आणि पावडर उरली तर काही गेलं नाही, ती उद्या चालते. दूध उरलं तर ते तापवून ठेवून सकाळच्या पहिल्या पातेल्यात जातं किंवा घरी जातं. उन्हाळ्यात मात्र कधी नासतं. तयार चहा उरला तर तो गेलाच. दोनदा तापवलेला चहा काळवंडतो, तुरट होतो, आणि सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाला तो दिला तर ते गिऱ्हाईक शेजारच्या टपरीवर जातं.

आपल्या टपरीवर सहा पातेल्यांतून २४० कप होतात, पैसे मिळतात २२२ कपांचे. मधले अठरा कुठे जातात? चार मालक आणि पोऱ्या स्वतः पितात. पाच फुकट जातात. कचेरीतून "मालक, वर वीस कप पाठवा" असं सांगायला येणाऱ्या शिपायाचा कप कधीच मोजायचा नसतो, पाण्याच्या जारवाल्याचाही नसतो. हे कप मी नुकसानीत धरणार नाही, ती धंद्याची दलाली आहे, पण हिशेबात धरायला हवेतच. उरलेले नऊ संध्याकाळी गटारात जातात.

या नऊ कपांचं नुकसान किती? मालकाला विचारा, तो म्हणेल नव्वद रुपये. ते बरोबर नाही. गेला तो माल, त्याची किंमत कपाला ४ रुपये ३० पैसे, म्हणजे एकोणचाळीस रुपये. हा फरक शब्दाचा खेळ वाटेल, पण संध्याकाळी साडेपाच वाजता तो फार महत्त्वाचा ठरतो. पातेलं संपलंय, कचेरी सुटायला पाऊण तास आहे. आणखी अर्धं पातेलं टाकावं की नाही? नव्वद रुपये गटारात जाण्याच्या धास्तीने मालक टाकत नाही. आता मोजून बघा. अर्ध्या पातेल्यात वीस कप, माल आणि गॅस मिळून खर्च ९० रुपये. विकलेला प्रत्येक कप कागदाचे पन्नास पैसे जाऊन साडेनऊ रुपये आणतो. वीसपैकी दहा कप खपले की खर्च निघाला, अकराव्यापासून कमाई. दहा फेकले तरी खड्ड्यात नाही. उलट चहा संपल्यामुळे परत गेलेलं प्रत्येक गिऱ्हाईक पाच रुपये घेऊन जातं, आणि ते कुणाला दिसत नाही, कारण न विकलेला कप गटारात ओतावा लागत नाही. याचा अर्थ भरमसाट चहा करावा असा नव्हे. दुपारी साडेतीननंतर मोठं पातेलं बाजूला ठेवून लहान चढवणारा मालक दोन्हीकडून वाचतो.

दुधाचं नुकसान वेगळ्याच रस्त्याने येतं. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारी कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा झाला. कचेरीसमोरच्या टपरीचा शनिवार तेव्हापासून गेला. हे ठरलेले वार आहेत, त्या दिवशी रतीब कमी सांगता येतो. अचानक जाहीर झालेली सुट्टी, गावातला बंद, मुसळधार पाऊस, हे मात्र गवळी दूध घालून गेल्यावर कळतं. मग चौदा लिटर दूध मिठाईवाल्याला पडत्या भावाने द्यायचं. महिन्यात असा एखाद-दुसरा दिवस येतो. कामाच्या दिवसांवर ते नुकसान वाटलं तर रोजचे वीस रुपये धरायला हरकत नाही. तेवढीच बुडणारी उधारी. बदली झालेला साहेब जाताना निरोप घेतो, वही बघत नाही.

आता दिवस जोडू. २२२ कपांचे २,२२० रुपये. त्यातून सहा पातेल्यांचा माल १,०३१, कागदी कप १२०, गॅस ९०, नासकं दूध आणि उधारी मिळून ४०. उरले ९३९ रुपये, कपाला चार रुपये तेवीस पैसे. मालकाचं "तीन-चार रुपये सुटतात" हे इथपर्यंत खरं आहे, किंबहुना तो कमीच सांगतो. पण तो इथे थांबतो, आणि टपरीचा दिवस इथे थांबत नाही.

ज्या दुकानाच्या पुढ्यात टपरी आहे त्याला रोजचे दीडशे. नगरपालिकेची पावती वीस. पोऱ्याची मजुरी साडेतीनशे. पोऱ्या म्हणायचं, माणूस तिशीचा असतो. पाण्याचे जार चाळीस. दिवा, पैसे आले की ओरडणारा डबा, शेगडीची दुरुस्ती, गाळणी, फडकी असं सगळं मिळून आणखी वीस. एकूण ५८० रुपये. हे पहिला कप विकण्याआधीच ठरलेले असतात. ९३९ मधून ते गेले की राहतात ३५९. विकलेल्या कपांनी भागलं तर एका कपामागे एक रुपया बासष्ट पैसे.

कागदावर सेहेचाळीस कप धरून सुरुवात केली असती तर एका कपात सहा रुपये सत्तावीस पैसे दिसले असते. तिथून एक बासष्टवर आलो, आणि वाटेत कुणी चोरी केली नाही की दूध महागलं नाही. शिवाय या ३५९ मध्ये मालकाची स्वतःची मजुरी आहे. सकाळी सहापासून उभा असलेला मालक आणि साडेतीनशे घेणारा पोऱ्या यांच्यात फरक नऊ रुपयांचा. मालकाने स्वतःलाही मजुरी लावली तर नफा नावाची गोष्ट जवळजवळ शिल्लक राहत नाही. चहावाल्यांच्या लाखांच्या कमाईच्या गोष्टी सांगणारे बहुधा २,२२० ला महिन्याच्या दिवसांनी गुणतात.

मात्र हा एक रुपया बासष्ट पैसे दगडावर कोरलेला नाही, म्हणूनच त्याच्या मागे लागण्यात अर्थ आहे. आणखी एक पातेलं खपलं, म्हणजे चाळीस कप वाढले, तर जागाभाडं वाढत नाही, पोऱ्या जास्त मागत नाही. प्रत्येक वाढीव कपाचे पाच रुपये सरळ खिशात. दिवसाचे ३५९ चे ५५९ होतात आणि कपामागचा नफा दोन रुपये तेरा पैसे. एक पातेलं कमी खपलं तर हातात १५९, कपाला सत्त्याऐंशी पैसे. चहा तोच, हात तोच. साधारण दीडशे कपांपर्यंत मालक भाडं, मजुरी आणि पावतीसाठी चहा करत असतो, स्वतःसाठी त्यानंतर. त्यामुळे "एका कपात किती सुटतात?" या प्रश्नाला "किती कप गेले त्या दिवशी?" असा उलटा प्रश्न विचारल्याशिवाय उत्तरच नाही.

आता तो चमचाभर चहा आठवा. रोजचे ६९ रुपये. ३५९ मधले. मालकाच्या कमाईचा पाचवा हिस्सा कपाच्या काठाजवळ आहे. याउलट दूध लिटरला दोन रुपयांनी वाढलं की टपरीवर मोठी चर्चा होते, पेपरातली बातमी वाचून दाखवली जाते. तिचा बोजा बारा लिटरवर चोवीस रुपये, विकलेल्या कपामागे अकरा पैसे. भाववाढ दिसते, हात दिसत नाही.

हा हिशेब टपरीवर बसून काढायचा तर आठवडाभर एक वही पुरते, पण एक पथ्य पाळावं लागतं. आणलेला माल आणि वापरलेला माल वेगळा धरायचा. आपल्या टपरीला दिवसाला दोन किलोच्या आत साखर लागते, म्हणजे पन्नास किलोची गोणी सव्वीस दिवस जाते. ज्या दिवशी गोणी आणि सिलिंडर आले त्या दिवशी मालक म्हणतो आज काहीच नाही सुटलं, आणि पुढच्या आठवड्यात म्हणतो बरं चाललंय. दोन्ही वेळा तो गल्ला बघत असतो. गल्ल्याची आणखी एक सवय वाईट आहे. त्यातूनच घरची भाजी येते, त्यातूनच पिग्मीवाल्याला शंभर जातात, आणि उरलेल्या रकमेला कमाई म्हटलं जातं. पिग्मी म्हणजे खर्च नव्हे, ती मालकाचीच बचत आहे. भाजी हा घरखर्च आहे, चहाचा नव्हे. त्यामुळे संध्याकाळी रोकड, मोबाइलवर आलेले पैसे, उधारी आणि दिवसात गल्ल्यातून काढलेलं, या चारांची बेरीज करायची आणि ती कपांच्या मोजणीशी ताडून बघायची. २४० कागदी कप संपले, पाच फुकट गेले, बारा-तेरा दुहेरी आणि खराब झाले, तर २,२२० च्या आसपास हिशेब लागला पाहिजे. शंभर-दीडशेची तूट रोज दिसायला लागली तर पाणी कुठेतरी मुरतंय, आणि ते पातेल्यात नाही.

बिस्किट, खारी, बनमस्का यांचा हिशेब या वहीत मिसळू नये. पुष्कळ टपऱ्यांवर चहा माणूस थांबवतो आणि बाकीचा माल भाडं भरतो. दोन्ही एकत्र केलं की कोण कोणाला पोसतंय ते कधीच कळत नाही.

सगळा हिशेब झाल्यावर मनात येतो तो प्रश्न अगदी साधा आहे. चहा बारा रुपयांना का नाही विकत? पूर्वी सुट्या दोन रुपयांचा त्रास होता, आता बहुतेक पैसे मोबाइलवर येतात. बारा केले तर प्रत्येक कपाचे पाचऐवजी सात रुपये सुटतील. २२२ पैकी साठ कप तुटले तरी मालक आजच्याइतकेच कमावेल आणि दीड पातेलं कमी उकळेल. हिशेब म्हणतो, कर. मालक करत नाही, आणि तो अडाणी आहे म्हणून नाही. त्याचे कप सुटे सुटे जात नाहीत. कचेरीतली आस्थापना शाखा सकाळी वीस आणि दुपारी वीस कप मागवते, महिन्याच्या शेवटी वर्गणी काढून पैसे देते, आणि शेजारी वीस पावलांवर दुसरी टपरी दहा रुपयांवर ठाम उभी आहे. तिथे चाळीस कप हे चाळीस गिऱ्हाइकं नव्हेत. ते एक गिऱ्हाईक आहे, आणि त्याचा निर्णय तो फुकट चहा पिणारा शिपाई घेतो. अशी दोन गिऱ्हाइकं गेली तर साठची मर्यादा ओलांडली. म्हणून बरेच मालक उभ्याने पिणाऱ्याला बारा आणि कचेरीच्या किटलीला दहा असा मधला मार्ग काढतात. किटलीत कागदी कपांची उधळमाधळ नसते, एका फेरीत वीस कप जातात, आणि ओतणारा हात कचेरीतल्या शिपायाचा असतो. किटलीतून वीसऐवजी अठराच कप निघाले तर तो हिशेब वरच्या मजल्यावर लागतो, टपरीवर नाही.